ठेवीवरचं पहिलं नाव

बाईंनी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. बेरीज चुकणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच. आयकराचं विवरणपत्र भरतानाही बँकेकडून व्याजाचा दाखला मागणं त्यांना कमीपणाचं वाटे. आपल्या तीन मुदतठेवींच्या पावत्या काढायच्या, व्याज मांडायचं, बेरीज करायची आणि आकडा करसल्लागाराच्या हातात ठेवायचा. त्यामुळे कर खात्याची पहिलीवहिली नोटीस आली तेव्हा त्या घाबरण्याऐवजी चिडल्या.

"एक्केचाळीस हजार मी दाखवले. हे म्हणतात एक लाख एकतीस हजार. शिकलेत तरी कुठे हे लोक?"

करसल्लागार त्यांचाच जुना विद्यार्थी. अजूनही त्यांच्यासमोर पेन तोंडात घालायला कचरायचा. त्याने संगणकावर त्यांची वार्षिक माहिती उघडली.

"बाई, बँकेने चार ठेवी कळवल्यात. चौथीचं व्याज नव्वद हजार."

"माझ्याकडे चौथी ठेव नाही. खात्यात दमडी आलेली नाही!"

"व्याज ठेवीतच जमा होत असेल. हातात आलं नाही तरी दरवर्षी उत्पन्नात धरावं लागतं. पण ठेव कोणाची, ते बँकेतच कळेल."

बाई तरातरा बँकेत गेल्या. ठेवींच्या टेबलावरच्या अधिकारी बाईंनी फाईल काढून अर्ज पुढे केला. बारा लाखांची ठेव. पहिलं नाव बाईंचं, दुसरं त्यांच्या धाकट्या भावाचं. पैसे भावाच्या खात्यातून आलेले. सही मात्र बाईंचीच होती, वळणदार, शाळेच्या दाखल्यांवर करायच्या तशी.

"ज्येष्ठ नागरिक पहिल्या नावावर असले की अर्धा टक्का जास्त मिळतो," अधिकारी म्हणाल्या. "पुष्कळ जण असं करतात. पण व्याज आम्ही पहिल्या नावावरच कळवतो."

बाईंना आठवलं. आईच्या आजारपणात भाऊ कागदांचा गठ्ठा घेऊन आला होता. 'आईच्या पेन्शनचे आहेत, ताई, कर सह्या.' आणि मुलांना 'वाचल्याशिवाय सही नाही' असं बजावणाऱ्या बाईंनी, दवाखान्याच्या बाकावर बसून, धडाधड सह्या ठोकल्या होत्या.

मग त्यांनी अर्जावरची तारीख पाहिली.

त्याच दिवशी त्यांनी भावासमोर हात पसरले होते. ग्रॅच्युइटी संपली होती, ज्यातून पुढे तीन ठेवी केल्या ती पगाराची थकबाकी अजून मिळायची होती, आईच्या खोलीचं भाडं परवडत नव्हतं. 'ताई, माझ्याकडे खरंच काही नाही गं,' असं म्हणून तो रडलाही होता. दुसऱ्या दिवशी आईला जनरल वॉर्डात हलवलं, दाराजवळच्या खाटेवर. अकरा दिवसांनी ती गेली.

"ही ठेव मला तेव्हा मोडता आली असती?"

"मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या लागतात."

म्हणजे त्यालाच विचारावं लागलं असतं. बाईंनी तिथूनच फोन लावला आणि नोटिशीचं सांगितलं.

"अगं ताई, एवढंच ना!" भावाच्या आवाजात हसू होतं. "तुझीच ठेव आहे असं लिहून टाक. तुझा कर कमी बसतो, माझा जास्त. भरावे लागतील ते पैसे मी देतो."

"ठेव कुठल्या तारखेची आहे, ठाऊक आहे तुला?"

भावाच्या आवाजातलं हसू गेलं.

"ताई, मुलीच्या शिक्षणाचे होते ते. आई तशीही वाचणार नव्हती. डॉक्टरच म्हणाले होते."

बाईंनी फोन ठेवला. संताप यायला हवा होता, पण आला नाही. कुणीतरी कानफटात मारावी आणि कोणी मारली हेच कळू नये, तशा त्या बसून राहिल्या. अधिकारी बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, तो तसाच राहिला.

दुपारी त्या पुन्हा करसल्लागाराकडे गेल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पैसे त्यांचे, तर उत्पन्नही त्यांचं. ही माहिती दुसऱ्या व्यक्तीची आहे असं कळवून त्यांचा कर क्रमांक द्यायचा, बँकेचे कागद जोडायचे. मग कर खातं त्यांना विचारील." तो घुटमळला. "सख्खे भाऊ आहेत, बाई. एकदा विचार करा."

"जे खरं आहे तेच लिही."

तो लिहू लागला. बाई समोरच्या पडद्यावर आपलं नाव आणि त्यापुढचे बारा लाख बघत होत्या. एकाएकी त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि बत्तीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्यासमोर रडल्या नव्हत्या तशा त्या रडू लागल्या.

"वॉर्डात नेताना आईने विचारलं होतं रे, खोली का सोडायची म्हणून. मी म्हटलं, आई, माझ्या नावावर आता एक पैसा उरला नाही."