भिवाजीचा हात

ठाण्याला स्टेशनरोडवरच्या एका स्टुडिओत त्र्यंबक रिटचर होता. फोटोतले देवीचे व्रण बुजवणं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवणं ही त्याची पोटापाण्याची कामं. त्याचा खरा जीव कपड्यांवर. चुरगळलेला सदरा तो फोटोत असा बसवी की परटाने धंदा सोडून कीर्तनं करावीत. मात्र सगळ्याच चुण्या घालवल्या की माणूस रॉकेलच्या डब्यात घातल्यासारखा दिसतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून काखेतली एक, कोपराच्या दोन, बसल्याने पोटावर पडलेली एक, एवढ्या तो ठेवी. आत माणूस आहे, एवढं कळण्यापुरत्या.

पावसाळा संपता संपता कोलशेतची मनुबाई आली. मासळीची पाटी दाराबाहेर ठेवली, आणि म्हणाली, "नवी होडी पुजली तवाचा फोटो हाय तुमच्याकडं. माजा दादला एकला काढून दे."

त्र्यंबकाने त्या फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, शोधली. त्यात बाकावर दोघे भाऊ होते. फिकट खाकी सदऱ्यातला गोमाजी, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकलेला धाकटा भिवाजी. हात म्हणजे नुसता टाकलेला नव्हता. मूठभर कापड धरलं होतं, सदरा गळ्यापासून काखेपर्यंत ताणला होता.

"मावशी, भिवाजी कापून टाकतो. पण हात गोमाजीवर आहे."

"तोच पूस. नवऱ्याला घेऊन खाडीत गेला, आन एकलाच आला. फोटोत धरतंय, पान्यात सोडतंय." तिचा आवाज चढला नाही. "वर्सश्राद्धाला भिंतीवर लावायचाय. ह्यो एकच हाय फोटो त्याचा."

"दुसरी काच उतरवून घेतो, तिच्यावर काम करतो," त्र्यंबक मालकांना म्हणाला.

"मूळ काचेवर कर. आपल्याकडे काय काचेचा कारखाना आहे?" परशुरामपंत पान लावत म्हणाले. "आणि भिवाजी कशाला परत येतोय?"

काचेवर सगळं उलटं असतं. काळी घडी तिथे पारदर्शक, उजळ कडा तिथे काळी. त्र्यंबकाने वार्निश लावून आधी हात पेन्सिलीने बुजवला, थरावर थर. मग प्रिंट काढून पाहिली. हात गेला होता, पण त्याने धरलेलं कापड तसंच चुरगळलेलं. गोमाजीला कुणीतरी अदृश्य माणूस बखोटीला धरून नेतोय असं दिसत होतं. मृताच्या फोटोत हे बरं नव्हे.

मग मुठीच्या घड्यांच्या खाचा पेन्सिलीने भरल्या आणि उजळ कडा चाकूने हळूहळू खरवडल्या. गळ्यापासून उतरणारी एक सैल घडी, काखेतली, पोटावरची, एवढ्या ठेवल्या. सदरा इतका सहज पडला होता की गोमाजीने आयुष्यात तो कधी तसा घातला नसेल.

मनुबाईने फोटो पाहिला, पदरात गुंडाळला.

"आता कुनी सोडायला नाय," म्हणाली.

महिन्याने भिवाजी आला. खालमानेने म्हणाला, "मास्तर, दोघांचा द्या. अख्खा."

त्र्यंबकाच्या हातातली पेन्सिल टोकदार होती, तरी त्याने पुन्हा टोक केलं.

"त्यात काय पाहायचंय?"

"हात. पंच बोलतात, मी सोडला. भाऊ तापानं पडत होता त्या दिशी, मी धरून बसवला, तवा फोटो निंगाला. खाडीतबी असाच धरला. सदरा फाटला, मास्तर. कापड माज्या हातात ऱ्हायलं. पन ते कापड कुनी बघत नाय. फोटो बघतील."

त्र्यंबकाने टर्पेंटाइन लावून काच पुसली. पेन्सिल निघाली, हात परत आला, पाचही बोटं शाबूत. खाचाही आल्या. कडा मात्र आल्या नाहीत. चाकूने खरवडलेलं काचेवर पुन्हा उगवत नाही. चुणी म्हणजे उजेड आणि अंधार जोडीने. इथे नुसता अंधार उरला होता. शाईचे ओघळ पडलेल्या सपाट सदऱ्यावर एक हात आरामात ठेवलेला, जणू बाकाच्या पाठीवर.

भिवाजीने प्रिंट खूप वेळ धरली.

"मी असा धरलेला?"

"नाही. घट्ट धरलेलात. मीच काढलं ते."

"मंग लिहून द्या."

परशुरामपंतांची हरकत नव्हती. शिक्का पडला की गिऱ्हाईक समाधानाने घरी जातं, असा त्यांचा अनुभव. त्र्यंबकाने मागे सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मूळ फोटोत सदर हात घट्ट होता. सदऱ्यास चुण्या होत्या.' खाली सही, वर स्टुडिओचा शिक्का.

आठवड्याने मनुबाई आली. भिंतीवरचा फोटो तिने उतरवून आणला होता.

"पंचांनी त्याचा कागद वाचला. माज्याबी मागं लिही."

"काय लिहू?"

"ह्याला कुनी धरलेलं नाय."

त्र्यंबकाने भिंगातून खांदा पाहिला. घडी सुरेख उतरली होती. कुठे ओढ नाही, कुठे बोट नाही. काम निर्दोष होतं, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती.

त्याने लिहिलं. शिक्काही मारला. मागून दाबल्यामुळे तो गोमाजीच्या खांद्यावर किंचित उमटला होता, चुणीसारखा. मनुबाईने अंगठ्याने तो चोळून सपाट केला.