भाविक किडा

औशाच्या जुन्या पेठेत त्या गुरुवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. किल्ला बांधणाऱ्यांनी ही गल्ली दोन घोडी शेजारून जातील एवढी रुंद ठेवली होती. पुढे इथे ऑटोरिक्षा येतील, आणि त्यांच्यामागून चमत्कार येईल, हे त्या बिचाऱ्यांना कसं सुचावं?

लोक भोक बघायला आले होते. हो, भोक. जुन्या पोथीच्या कागदाला किड्याने पाडलेलं.

"भक्तहो!" मांडवातून मृत्युंजय महाराजांचा आवाज आला. "सातशे वर्षं किडा या पोथीत राहिला! सातशे वर्षं कागद जेवला! पण अक्षराला तोंड लावलं का?"

"न्हाई!" गर्दी ओरडली.

"एका तरी?"

"न्हाई!!"

"का न्हाई लावलं?"

यावर सगळ्यांनी हात जोडले. ते उत्तर द्यायचे प्रश्न नव्हते.

मी पोथी जवळून पाहिली. खरंच, पानापानाला भोकं, आणि एकही अक्षर कुरतडलेलं नाही. प्रत्येक भोक दोन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत. माझ्या घरच्या किड्यांना असली शिस्त नाही. त्यांनी माझा सत्कार झाल्याची सगळी मानपत्रं खाल्ली आणि माझ्यावर आलेली निषेधाची पत्रं तेवढी सोडली.

पोथी सापडली ती माझे जुने मित्र पंचाक्षरी आप्पा यांच्या दुकानात. आप्पा म्हणजे पेठेतले तिसऱ्या पिढीतले पुस्तकवाले. शाळेची पुस्तकं, जुन्या पोथ्या, पंचांगं आणि रद्दी, सगळं एकाच छपराखाली. महाराजांना पहाटे दृष्टान्त झाला होता : 'औशाची पेठ, पंचाक्षरींचं दुकान, डाव्या हाताची थप्पी, शेतीच्या मासिकांखाली.' देव एवढा नेमका पत्ता देऊ लागला, तर कुरिअरवाल्या पोरांनी त्याच्याकडं शिकवणी लावावी. शंभर माणसांसमोर आप्पांनी थप्पीत हात घातला आणि लाल फडक्यात गुंडाळलेली पोथी बाहेर काढली. आप्पा स्वतःच थक्क. पस्तीस वर्षं त्या थप्पीत हात घालत आलेला माणूस, कधी हाताला विंचवापेक्षा मोठं काही लागलं नव्हतं.

पोथीत साखरेच्या आजारावर स्तोत्र होतं. ते म्हणायचं नाही, प्यायचं. तांब्यातल्या पाण्यावर पोथीच्या पानाची सावली पाडायची, की पाण्याचं अमृत. मांडवात ऊन येत नव्हतं, म्हणून महाराजांचा शिष्य बालाजी मोबाइलची बॅटरी धरायचा. अमृत प्यायलं की गोळ्या, सुया बंद. हा नियम मात्र कडक होता.

इथपर्यंत मला मजा येत होती. मग गुरम्मावैनींनी सुया बंद केल्या.

गुरम्मावैनी म्हणजे आप्पांच्या पत्नी. बारा वर्षं साखर, चार वर्षं इन्सुलिन. सहाव्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या रेणुका सिस्टर घरी आल्या, बोटाला टोचून यंत्रात थेंब घातला. आकडा चारशे बारा.

"वैनी, तोंड वाळून राहिलंय, रात्री धा वेळा उठून राहिलाव. अजून दोन दिवस असंच केलं तर उचलून लातूरला न्यावं लागंल. तिथं शुद्धीवर पोचाल का, हे मी लिहून देणार न्हाई."

"पोथी कुठं निघाली?" वैनी म्हणाल्या.

"तुमच्या दुकानात."

"मग! देव चालत माझ्या घरी आला, अन् मी त्याच्यासमोर सुई टोचून घेऊ? त्याला काय वाटंल?"

सिस्टरांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

"डॉक्टरचं पटत न्हाई, सिस्टरचं पटत न्हाई, तुमचं बी पटलं न्हाई," आप्पा मला म्हणाले. "माझं तर लग्नापासून पटलेलं न्हाई."

"तुमी सांगून बगा ना, आप्पा, पोथी खोटी हाय म्हणून."

"खोटी हाय का, हेच मला ठाऊक न्हाई. शाई काजळ-डिंकाची हाय, बोरूनं लिवलंय, कागद हातानं केलेला जुना. तिन्ही गोष्टी अस्सल. मी काय सांगू?"

मग महाराजांना एक दुर्बुद्धी झाली. पोथीला वर-खाली सागवानी फळ्या हव्यात, म्हणून त्यांनी ती एका दुपारपुरती आप्पांकडंच दिली. बालाजीला राखणीला बसवलं. बालाजी पंख्याखाली पाच मिनिटांत घोरू लागला.

आप्पांनी फळ्यांचं माप घ्यायला पानं सरळ रचली, आणि सवयीने खराट्याची एक हीर, बारीक काडी, घेतली. जुनं पुस्तक हातात आलं की ते भोकात हीर घालून बघतात, किडा किती खोल गेलाय ते कळतं.

"कसर नावाची कीड वरवर खरवडते," ते मला म्हणाले. "आरपार भोक पाडते ती भुंगेऱ्याची अळी. ती पान उलटत न्हाई. सरळ बोगदा काढत जाती, पानामागून पान, तेच भोक, तिथंच. चाळणीत सूत ओवल्यागत हीर जायला पायजे."

हीर पहिल्या पानातून गेली आणि दुसऱ्या पानावर अडली. तिथे भोकच नव्हतं. तिसऱ्यावर होतं, पण दोन बोटं बाजूला.

आप्पांनी चष्मा पुसला. एक पान उजेडासमोर धरलं. मग त्यांनी शेल्फातून दुसरी एक खरी जुनी पोथी काढून शेजारी ठेवली. तिच्यात भोकं अक्षरांच्या पोटातून गेली होती. एका ओळीत 'शिव'मधला 'शि' पार खाऊन टाकलेला. देवाच्या नावाचीसुद्धा गय नाही.

आप्पांनी पानाच्या कडा बोटाने चाचपल्या. मग शिडी लावून माळ्यावर चढले, आणि धुळीतून लांबोळं, जाडजूड रजिस्टर घेऊन उतरले. त्यांनी ते उघडलं, पोथीचं एक पान त्याच्या शेवटच्या पानावर ठेवलं, आणि एवढ्या जोरात हसले की बालाजी दचकून उठला.

"काय झालं, आप्पा?"

"काय न्हाई बाळा. फळ्यांचं माप जमलं."

दुसऱ्या दिवशी आप्पा सागवानी फळ्या, एक भिंग, एक हीर आणि ते रजिस्टर घेऊन मांडवात गेले. पहिल्या रांगेत गुरम्मावैनी होत्या, भिंतीला टेकलेल्या, ओठ कोरडे. त्यांच्या मागे रेणुका सिस्टर, पिशवी मांडीवर घेऊन.

"महाराज," आप्पांनी वाकून विचारलं, "अडाणी माणूस, एक शंका हाय. किडा अक्षर सोडून गेला, का अक्षर किड्याला सोडून गेलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे आधी भोक, का आधी अक्षर?"

"आधी अक्षर! सातशे वर्षांपूर्वीचं!"

"मग हितं बगा." आप्पांनी भिंग पुढच्या रांगेत दिलं. "ह्या ओळीत सगळी अक्षरं खेटून हायत. भोकापाशी आलं की लिवणाऱ्यानं अर्ध्या बोटाची उडी मारलीया. भोक संपलं, की पुन्हा खेटून. रस्त्यात खड्डा दिसल्यावर यस्टीवाला मारतो तशी. खड्डा आधी असल्याबिगर कोण वळतंय?"

"लेखक त्रिकालज्ञानी होता," महाराज म्हणाले. "किडा कुठं येणार हे त्याला आधीच ठाऊक होतं."

गर्दीतून एकदोन हात जोडलेही गेले. खरं सांगतो, मीसुद्धा मनात दाद दिली.

"हां, तसंबी असंल. पर एका ठिकाणी त्रिकालज्ञान जरा चुकलं. हितं बोरू भोकाच्या कडेला लागला. अस्सल पोथीत किडा शाई वाळल्यावर कुरतडतो, तर कड कोरी राहती. हितं शाई भोकाच्या आत कागदात उतरलीया. उतरून खालच्या पानावर ठिपका पडलाय. लिवताना भोक तयार होतं, म्हाराज."

भिंग हातोहात फिरू लागलं. बायका एकमेकींच्या डोक्यावरून वाकू लागल्या. "हाव गं, आत काळं हाय!"

"कागद तर जुना हाय ना?" महाराज गरजले.

"लई जुना. माझाच हाय." आप्पांनी रजिस्टर उचललं. "निजामाच्या राज्यातलं कोंडवाड्याचं रजिस्टर. मोकाट जनावरं धरली की हितं नोंद. निम्मं लिवलेलं, निम्मं कोरं. गेल्या दिवाळीच्या आधी एक जण कोरी पानं कापून घेऊन गेला. लग्नपत्रिका जुन्या ढंगात करायची म्हणला. लिवलेला भाग मी ठिवला, कोणी अभ्यासू मागाय आला तर. कोण होता तो, बालाजी?"

बालाजीने मोबाइलची बॅटरी विझवली.

"आप्पा, तुमीच म्हणलाव ना, कागद बेस हाय म्हणून!" तो कळवळून बोलला. "थप्पीत ठिवताना बी मीच हुतो, पर म्हाराजांनीच सांगितलं..."

महाराजांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्या नजरेची सावली तांब्यात पडली असती तर पाण्याचं विष झालं असतं.

"ह्यांनी एकेक उंच पान मधून कापून आडवं केलं," आप्पा सांगू लागले. "एका पानाची पोथीची दोन पानं. शिवणीकडं भोकं हुती, कारण अळीला तिथली चिकटवायची खळ लई आवडती. मग पानं पिसून टाकली, अन् वर लिवलं. म्हणून हीर जाईना. आता मी पोथीच्या आकड्यांनी न्हाई, किड्याच्या आकड्यांनी पानं लावतो."

एकोणीस, चार, सव्वीस, अकरा... आप्पांनी रात्री खुणा करून ठेवल्या होत्या. पानं रजिस्टरच्या पाठीला लावली आणि हीर वैनींच्या हातात दिली.

"तूच घाल."

वैनींनी हीर भोकाला लावली. रजिस्टरच्या शेवटच्या लिहिलेल्या पानातून हीर शिरली, आणि न अडखळता पोथीच्या अठ्ठेचाळीस पानांपैकी त्या अर्ध्याच्या चोवीस पानांतून आरपार निघाली.

"हीर जिथून शिरली, तिथं काय लिवलंय?" वैनींनी विचारलं.

नोंद उर्दूत होती; आप्पांना वडिलांनी ती शिकवलेली. त्यांनी बोट ठेवून वाचलं : "फसली सन तेराशे दहा. एक गाढव, भुरं, डावा कान फाटका. मालक आला न्हाई."

म्हणजे इसवी सन एकोणीसशेच्या सुमाराची नोंद, उणीपुरी सव्वाशे वर्षं. किडा गाढवाच्या नोंदीतून निघाला होता आणि अमृताच्या स्तोत्रातून बाहेर पडला होता, एकाच जेवणात.

आधी एक म्हातारी फिसकन हसली. मग मांडव हसला. मग गल्ली हसली; मागच्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण हसण्याला दृष्टान्त लागत नाही. "मालक आला का रं गाढवाचा?" कुणीतरी ओरडलं, आणि महाराज मांडवाच्या मागच्या कनातीतून निलंग्याच्या बसकडे निघाले. लगबगीत खडावा राहिल्या. बालाजी सापडला, त्याचा जबाब लिहून घ्यायला दोघे पोलीस आले, तेही आधी हीर घालून बघत बसले.

वैनी मात्र हसत नव्हत्या. त्या हिरीकडं बघत होत्या.

"म्हणजे मी आठ दिस गाढवाची सावली पिली?"

"मोबाइलच्या उजेडात," आप्पा म्हणाले.

"अन् तुमी हसून राहिलाव?"

"भ्यालो हुतो गं. आता हसू येऊन राहिलं."

वैनींनी मागे वळून पदर बाजूला केला. "रेणुका, काढ ती सुई. हितंच दे. सगळ्यांना दिसू दे." सिस्टरांनी आधी साखर मोजली, डॉक्टरांना फोन लावून मात्रा विचारली, मग सुई दिली आणि त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी आकडा दीडशेवर होता. तिथून वैनींनी पेठेतल्या सात बायकांना निरोप धाडला : गोळ्या सुरू करा, नाहीतर मी येते.

आता आप्पांच्या दुकानाच्या चौकटीला ती हीर टांगलेली आहे. कुणी जुनी पोथी, ताम्रपट, तावीज घेऊन आलं की आप्पा विचारतात : हे कुणी केलं? कशावर केलं? आधी काय होतं, नंतर काय झालं? देवाला या प्रश्नांचा राग येत नाही. राग ज्याला येतो, त्याची पानं एकदा उजेडासमोर धरावीत. आणि ती धरून होईतो औषध घेणं थांबवू नये, एवढंच माझं हात जोडून सांगणं.

परवा मी वैनींना छेडलं, "शेवटी किड्यावर विश्वास ठेवलात. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसावर न्हाई."

त्यांनी बिनसाखरेचा चहा माझ्यापुढं सरकवला.

"किडा कशाला खोटं बोलंल? त्याला कुठं वाचता येतंय!"