अभिमन बट्टी

माझं नाव अभिमन. गेलं वर्षभर एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत मला 'अभिमन बट्टी' म्हणतात. मोटार दुरुस्तीला दुकानात आलेला परका माणूससुद्धा आधी विचारतो, "बट्टीचं दुकान हेच ना?" मी तापट माणूस. दोनदा हातातला पाना फेकला. पण कुणाकुणाच्या तोंडाला हात लावणार?

त्याचं कारण ऐका. दर फाल्गुनात प्रेमराज आबा त्यांच्या गावात टेनिस बॉलची एकदिवसीय स्पर्धा भरवतात. आठ संघ, सहा-सहा षटकं, हरला तो घरी. सकाळी चार सामने होतात. दुपारी उपांत्य, मग अंतिम. सकाळी जिंकलेल्या चारही संघांनी आबांच्या ओट्यावर वरण-बट्टी जेवायची, ही तिथली रीत. आमचा पहिला सामना नेहमी आठ वाजता, म्हणजे पुढच्या सामन्यापर्यंत चार-पाच तास नुसतं बसायचं. बसून माणूस काय करणार? खाणार. पानात वांग्याची भाजी, कणकेची उकडून तळलेली बट्टी कुस्करून तिच्यावर वरण, वरणावर तुपाची धार, आणि आबांचा आग्रह. "आखो एक, आखो एक." खान्देशात बट्टीला नाही म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं.

सलग चार वर्षं आम्ही सकाळी जिंकलो आणि दुपारी हरलो. आम्ही पंचाला शिव्या दिल्या, खेळपट्टीला दिल्या, एकदा तर आडव्या गेलेल्या मांजरीलाही दिल्या. बट्टीला मात्र कुणी बोललं नाही. गेल्या वर्षी शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. मी फटका मारला, एक धाव घेतली, दुसरीला वळलो आणि पोटरीत असा गोळा आला की मी खेळपट्टीच्या मधोमध खांबासारखा उभा. पाच बट्ट्या पोटात, आणि सकाळपासून पाण्याचा घोट नाही, कारण पाण्याने अंग जड होतं अशी आमची शहाण्यांची समजूत. धावबाद. कडेने कुणीतरी ओरडलं, "बट्टी अटकनी रे!" सारं मैदान हसलं. झालं माझं बारसं.

मी संघाचा कप्तान, आता छत्तिशीचा. हे वर्ष शेवटचं, असं बायकोला कबूल केलं होतं. शेवटच्या वर्षी तेवढी एक दुसरी धाव काढायची आणि ते नाव पुसायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चषक वगैरे पोरांना हवा होता.

सुमनअक्का आमच्या गावच्या स्टँडवर पोह्यांची गाडी लावतात. आम्ही पहाटे उपाशी सराव करायचो आणि साडेसातला त्यांच्या गाडीवर तुटून पडायचो. मिरचीची भजी, वर चहा. पौषातल्या एका सकाळी आमचा यष्टिरक्षक जगदीश सरावात चक्कर येऊन बसला. त्याला धरून गाडीपाशी आणलं, तशी अक्कांनी झारा खाली ठेवला.

"सकाळले उपाशी पयतस, आनि मंग मन्हाकडे येईसन आठ-आठ भजा खातस. बैलले तरी असं करतस का रे?"

मला राग आला. बाई आता आम्हाला क्रिकेट शिकवणार! पण जगदीशला त्यांनी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाजलं, केळं दिलं आणि घटकाभराने तो उठून उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांचं राज्य सुरू झालं. सरावाआधी एक केळं आणि पाणी. सरावानंतर भजी बंद. दोन उकडलेली अंडी नाहीतर मोड आलेले मूग, आणि पोहे किंवा दूध-भाकरी. कुंदन हा आमचा सलामीचा फलंदाज, तोंडाने सगळ्यांत फटकळ. तो म्हणाला, "अक्का, आम्ही काय बाळंतीण शेत का?" त्याला त्या दिवशी मूगच मिळाले, तेही दोनदा. दीड महिन्यात फरक मला कळला. सरावाच्या शेवटी पाय लटपटत नव्हते, आणि दुकानात दहा वाजता डुलक्या येत नव्हत्या. पण तोंडाने मी कबूल केलं नाही. आपली मान सहजासहजी वाकत नाही.

स्पर्धेच्या दिवशी अक्कांनी गाडी बंद ठेवली आणि दोन मोठे डबे, केळ्यांची पाटी, पाण्याचा जार घेऊन आमच्याबरोबर टेम्पोत बसल्या. सहाला सगळ्यांना गूळ-पोळी आणि दूध देऊन झालं होतं. त्यांची अट एकच होती. "मैदानवर मी सांगसू तव्हयच खावानं."

आठचा सामना आम्ही जिंकलो. लगेच लिंबाचं पाणी आणि एकेक केळं. तासाभराने त्यांनी मोठा डबा उघडला. आत दहीभात. उन्हात दही आंबेल म्हणून पहाटे भातात दूध घालून वर चमचाभर विरजण लावलेलं, त्याचं डब्यातच गोड दही लागलं होतं. प्रत्येकाला वाटीभर. कुंदनने वाटी पुन्हा पुढे केली.

"बस. चूल इझू द्यानी नही, आनि एकदम लाकडं भी कोंबानी नही."

बाराला आबा स्वतः आले. पांढरा सदरा, हात जोडलेले. "चला रे भो, बट्टी तयार शे. बठ्ठा जण चला."

पोरांचे चेहरे उजळले. बाकी तिन्ही संघ उठलेच होते. मी कात्रीत सापडलो. गेलो तर दुपारी पुन्हा तेच. नाही गेलो तर आबांचा अपमान, आणि पुढच्या वर्षी आमच्या गावाला बोलावणं नाही. मी हळूच म्हटलं, "अक्का, एकेक बट्टी खाऊन येऊ?"

"तुले एकच वाढतीन का आबा?" अक्का म्हणाल्या. "पोरं इठेच सावलीम्हा बसतीन. तू चाल मन्हासंगे."

आबांच्या मागोमाग आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. चुलीवर मोठं पातेलं होतं, आणि यशोदाबाई, आबांची बायको, पाण्यातून शिजलेल्या बट्ट्या काढत होत्या. अक्कांनी चपला काढल्या, यशोदाबाईंच्या पाया पडल्या आणि आबांकडे वळल्या.

"आबा, तुमनं अन्न आम्हले पाहिजेच. पन आमन्या वाटानी बट्टी तळू नका. शिजाडी ठेवा. पोरं खेळीसन येतीन नि मंग पोटभर जेवतीन. मी सोता तळी देसू."

आबांच्या कपाळावर आठ्या. "आनि थंडी व्हयनी ते?"

उत्तर यशोदाबाईंनी दिलं. "अहो, शिजेल बट्टी थंडी व्हयनी तरच नीट कापास. गरम कापी ते चुरा व्हस." आणि अक्कांकडे बघून हसल्या. "तू थांब वं बाई. इतला लोकेसनं मन्हाकडून एकटीकडून व्हत नही."

आबांचा मान राहिला. पण अक्का तिथेच अडकल्या. पदर खोचत त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. "सामना लांबना ते पाटीम्हा खाले चिक्की शे. अर्धा तास आधी एक-एक दे. आनि पानी घोट-घोट, गटागट नही."

सामना लांबलाच. दीडचा होता, पण कुणी पाहुणे येणार होते. आले पावणेतीनला, मग हार, मग भाषण. तोवर आमचे प्रतिस्पर्धी बट्ट्या खाऊन आंब्याखाली तोंडावर टोपी ठेवून घोरत होते. मी आपल्या पोरांना आधी उरलेली केळी अर्धी-अर्धी दिली, नंतर वेळ बघून राजगिऱ्याची चिक्की. पाण्याचा तांब्या फिरवत राहिलो. त्या दिवशी कप्तान कमी आणि वाढपी जास्त होतो.

सव्वातीनला सामना सुरू झाला. त्यांचा वेगवान गोलंदाज पहिल्याच षटकात ढेकर देऊन थांबला. मी हसलो नाही. गेल्या वर्षी तो मीच होतो.

तरीही सामना सोपा गेला नाही. शेवटचा चेंडू आला, दोन धावा हव्या, आणि समोर मी. देवाला कधीकधी दुसरं काही सुचत नाही. कडेने आरोळी आलीच, "बट्टी, जपी रे!" मी मिडविकेटला मारला आणि पळालो. पहिली झाली. दुसरीला वळताना पोटरीकडे लक्ष गेलं, खरं सांगतो, भीती वाटली. पोटरी गप्प होती. दोन्ही पाय माझेच होते. मी बॅट टेकवली तेव्हा चेंडू यष्टीपासून दोन हात लांब होता.

पोरं अंगावर पडली. त्या ढिगाऱ्यातून डोकं काढून मी पाटीकडे पाहिलं. पाटीजवळ कुणी नव्हतं. ज्या बाईने हे घडवलं ती बाई धुरात बट्ट्या कापत होती.

अंतिम सामना आम्ही हरलो. समोरचे आमच्यापेक्षा चांगले खेळले. एवढं साधं वाक्य म्हणायला आम्हाला पाच वर्षं लागली. पोटाचा दोष नव्हता.

दिवेलागणीला आबांच्या ओट्यावर पंगत बसली. अक्का आतून गरम बट्ट्यांची परात घेऊन आल्या. चेहरा घामाने आणि चुलीने लाल.

"पयना का रे दुसरी?" त्यांनी मला विचारलं.

"पयनू, अक्का."

त्या हसल्या. तेवढ्यात मला आठवलं. पाटीतली केळी मोजून होती, चिक्की मोजून होती, दहीभाताचा डबा आम्ही पुसून खाल्ला होता. त्यात अक्कांचा वाटा कुणी काढलाच नव्हता.

"अक्का, सकाळपासून तुम्ही काय खाल्लं?"

"मी चहा पिधा ना," त्या म्हणाल्या. "दोनदा."

अकरा पोरांची भूक घड्याळावर बघणारी बाई पहाटेपासून उपाशी होती, आणि आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी उठलो, त्यांच्या हातातली परात घेतली आणि त्यांना माझ्या पानावर बसवलं. त्या "अरे, बायासनी पंगत मागून" म्हणू लागल्या, तर यशोदाबाईच आतून म्हणाल्या, "बस वं." कुंदनने नवं पान मांडलं, जगदीशने पाणी आणलं. मी बट्टी कुस्करली, वरण घातलं, आणि तुपाची धार सोडली ती थांबवलीच नाही.

"बस रे, बस!"

"आखो एक," मी म्हणालो. "अक्का, तुमच्यामुळे पळालो मी. आखो एक."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि धुराला दोष दिला. मी दिला नाही. माझेही भरले होते, उघड भरले होते.

आता मी खेळत नाही. संघाचे डबे भरायला अक्कांच्या हाताखाली असतो, आणि पहिला डबा अक्कांचा भरतो. लोक अजूनही बट्टीच म्हणतात. मी पाना फेकत नाही. ओ देतो.