मागच्या फाटकापर्यंतची रेघ

रुग्णालयाच्या चौकशी खिडकीत मला बारा वर्षं झाली. आधी लोक समोर येऊन डोकं खायचे, आता फोनवर चित्रं पाठवून खातात. ना नाव, ना गाव. नकाशाचा स्क्रीनशॉट आणि खाली दोन शब्द, ‘कसं पोहोचायचं?’

त्या दिवशी तसाच एक तीन वाजून दहा मिनिटांनी आला. नंबर अनोळखी.

खिडकीसमोर चाकाच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. छातीचा फोटो काढायला त्यांना वॉर्डातून खाली आणलं होतं आणि आता त्या वर जायला तयार नव्हत्या. चार वाजता हृदयाची झडप बदलायला आत नेणार होते.

“आमचे हे येतायत,” त्या मला तिसऱ्यांदा म्हणाल्या. “गोदामावर पहारेकरी आहेत, दोनला सुटतात. परवा भांडण झालं, तेव्हापासून बोललो नाही आम्ही. अशी अबोल्यानं नाही जायची मी आत.”

“येतील हो,” मी म्हटलं आणि लिहायला घेतलं. या कामात माझा हात कुणी धरणार नाही, असा माझा तोरा. दिसतं तेवढंच सांगायचं आणि जे दिसत नाही, ते दिसत नाही असंही लिहायचं.

‘चित्रात निळी रेघ पेट्रोल पंपापासून उजवीकडे वळते, पुलाखालून सरळ येते, शाळेपाशी डावीकडे वळते. सहा किलोमीटर, एकोणीस मिनिटं, पण वर खूण मोटारीची आहे. रेघ आमच्या मागच्या फाटकाशी संपते. ते कायम बंद असतं. भिंतीला वळसा घालून पुढच्या फाटकानं या.

खात्रीनं सांगता येत नाही ते असं : चित्रावर वेळ सकाळी आठ वाजून पाचची आहे, त्यामुळे वाहतूक आता तशीच असेल का, पुलाखालचा रस्ता खुला आहे का, आणि सुरुवातीला ‘तुमचं ठिकाण’ लिहिलंय, तिथे तुम्ही आत्ता आहात का. जवळची एखादी पाटी वाचून कळवा.’

दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम हलवला. चित्राच्या कोपऱ्यात बॅटरी एक्याण्णव टक्के दिसत होती, म्हटलं, घाई कसली. पाठवलं तेव्हा तीन एकोणीस झाले होते.

एकच टिक आली. दुसरी काही येईना.

फोन लावला. बंद. मग कुठे माझी ट्यूब पेटली. मी काच सरकवून बाईंना नंबर वाचून दाखवला.

“हा आमचाच की! घरात एकच फोन, तो ह्यांच्याकडे.”

चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे भाच्यानं त्याच्या फोनवर काढून ह्यांना पाठवलं असणार. त्यानंच सकाळी मला गाडीतून आणलं. आमचा फोन कसला, दुपारी मान टाकतो.”

म्हणजे ‘तुमचं ठिकाण’ भाच्याचं घर होतं. एक्याण्णव टक्के भाच्याचे होते. घड्याळ शिळं म्हणून मी लिहिलं आणि शेजारची बॅटरी ताजी धरून बसले! तो माणूस कुठल्या तरी रस्त्यावर फोन जिवंत ठेवून वाट बघत असताना मी स्वल्पविराम हलवत होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

भाच्याचा नंबर बाईंना पाठ नव्हता. गोदामात लावला, तर ते दोनलाच निघाले होते. मग मी तोच बंद नंबर दाबत राहिले. बाई माझ्या बोटांकडे बघत होत्या.

पावणेचारला वॉर्डातल्या मावशी आल्या. मी म्हटलं, “पाच मिनिटं थांबा ना.” त्या थांबल्या, पाचाची दहा केली बिचारीनं. मग वरून बोलावणं आलं.

“भांडण मिटलं म्हणून सांगा त्यांना,” लिफ्टचं दार लागता लागता बाई म्हणाल्या.

सव्वाचारला एक म्हातारा पहारेकरी घामानं निथळत खिडकीशी आला. बायकोचं नाव सांगितलं. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते! तरी सांगितलं, आत नेलं म्हणून. निरोपही दिला.

ते खालीच बसले. “साडेतीनलाच आलो होतो बाई. विचारत विचारत आलो. शेवटी चित्रातलं फाटक दिसलं. कुलूप होतं. म्हटलं, भेटायच्या वेळेला उघडतील. हाका मारल्या, कडी वाजवली. मग एका रिक्षावाल्यानं सांगितलं, पुढून जा.”

मागचं फाटक माझ्या खिडकीपासून दोनशे पावलांवर आहे. रेघ तिथे संपते हे मीच वाचलं होतं, मीच लिहिलं होतं. पण तिथे जाऊन बघावं हे काही मला सुचलं नाही.

त्यांचा फोन मी माझ्या चार्जरला लावला. थोड्या वेळानं तो जागा झाला आणि दोनदा वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि माझा मजकूर एकेक शब्द जुळवत मोठ्यानं वाचला, पंपापासून पाटीपर्यंत. मागच्या फाटकाच्या ओळीशी थांबले, ती परत वाचली.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, “किती नीट लिहिलंय हो तुम्ही.”