सोळा पट

छापखान्याच्या मालकाला पोटमाळा हवा होता, पण खाली एकही नवा कॉलम नको होता. कागदाची रिळं वर ठेवायची आणि खालून गाड्या अडथळ्याविना फिरायच्या. त्यामुळे पोटमाळ्याचे गर्डर कॉलमच्या पुढे बरेच लांब, अधांतरी काढलेले होते. जुन्या कॉलमांना वजन झेपावं म्हणून गर्डर हलकेच हवे होते, म्हणून प्लेट जास्त ताकदीच्या स्टीलची घेतली होती. डिझाइन सासऱ्यांनी केलं होतं आणि तपासलं होतं सुनेने. त्यांच्या छोट्या ऑफिसात गेली कित्येक वर्षं हे असंच चालत आलं होतं.

सासऱ्यांना फॅब्रिकेशनवाले पाठीमागे ‘मिलिमीटरसाहेब’ म्हणत. एकदा त्यांनी तीन मिलिमीटरच्या फरकासाठी अख्खा ट्रक परत पाठवला होता, तेव्हापासून. हे नाव त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं. सून लग्न होऊन आली तेव्हा नुकतीच इंजिनियर झालेली होती. पहिल्याच आठवड्यात ते तिला म्हणाले होते, “स्वयंपाक कुणीही शिकवेल. तू माझ्याबरोबर ऑफिसला चल.” तिच्या वडिलांना हे ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी फोनवरच व्याह्यांचे पुन्हापुन्हा आभार मानले होते.

ताबा देण्याआधी पोटमाळ्यावर वजन टाकून चाचणी घ्यायची होती. रिळांऐवजी पाण्याच्या टाक्या मांडल्या आणि पाइप लावून त्या हळूहळू भरायला घेतल्या. मालक लांब खुर्ची टाकून बसला होता. सासरे दाराशी फोरमनशी बोलत होते. सून गर्डरखाली, पण कॉलमच्या अलीकडे, टॉर्च घेऊन उभी होती. अधांतरी टोकावर वजन आलं की गर्डर खाली वाकतो, वरचा फ्लँज, म्हणजे गर्डरची वरची आडवी पट्टी, ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. सगळ्यात जास्त दाब कॉलमपाशी. म्हणून तिची नजर तिथेच होती.

टाक्या निम्म्या भरेपर्यंत सगळं ठीक होतं. मग पाऊण भरल्या. तिने टॉर्च फ्लँजला जवळजवळ टेकवून, कडेकडेने प्रकाश सोडला आणि तिला सावल्या दिसल्या. एक उजळ पट्टा, एक काळा, पुन्हा उजळ. फ्लँजची मोकळी कड लहरत होती. वेबच्या, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीच्या, एका बाजूला वर, तर दुसऱ्या बाजूला खाली. मधली वेल्डची रेघ मात्र दोरी ताणल्यासारखी सरळ.

“पाणी बंद!” ती ओरडली. “सगळे बाहेर या. टाक्या रिकाम्या करा, लांबूनच.”

फोरमन धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. “वहिनी, वेल्डिंगच्या उष्णतेने आलं असेल. आमच्या पोराने एका बाजूने जास्त—”

“सकाळी पट्टी लावून पाहिलं तेव्हा सरळ होतं,” ती म्हणाली. “तुमच्या वेल्डला काही झालेलं नाही. बघा ना, तडा कुठेच नाही.”

पाणी उतरलं तशा लाटा कमी झाल्या, पण पुरत्या गेल्या नाहीत. स्टील एवढंसं वाकलं होतं आणि तसंच राहिलं होतं.

सासरे तोवर गर्डरखाली येऊन उभे राहिले. त्यांनी खिशातून टेप काढला, फ्लँजची रुंदी मोजली. तीनशे वीस मिलिमीटर. जाडी मोजली. दहा.

“वेबच्या एका बाजूला एकशे साठ,” ते म्हणाले. “जाडीच्या सोळा पट. सोळा चालतं.”

“चालतं ना?” त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी त्यांचा आवाज प्रश्न विचारणाऱ्याचा होता.

“बाबा, हे साधं स्टील नाही.”

सोळा हा आकडा त्यांनी कॉलेजात पाठ केला होता. तेव्हाच्या नियमात, तेव्हाच्या साध्या स्टीलला, फ्लँजची मोकळी बाजू जाडीच्या सोळा पटीपर्यंत काढता येत असे. पुढे नियम कडक झाले. आणि ताकद वाढेल तशी ही मर्यादा आकसते, हे तर जुन्या नियमातही होतं. कारण स्टील कितीही ताकदवान घेतलं तरी त्याचा ताठपणा तोच राहतो. ताकद जास्त म्हणून आपण त्याच्यावर जास्त ताण टाकतो, आणि त्या ताणाला स्टील पोचण्याआधीच पातळ, रुंद, मोकळी कड लहरते. या प्लेटला दहाच्या जेमतेम वर जाता आलं असतं. हे सगळं तिला त्यांनीच शिकवलं होतं, आणि इतक्यांदा की ती वैतागून म्हणायची, “बाबा, कळलं हो.” तेव्हा ते म्हणायचे, “एका कडेने बांधलेला आणि दुसऱ्या कडेने मोकळा पत्रा म्हणजे घरजावई गं. भार टाकला की आधी तोच सटकतो.”

त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. मग मालकाकडे गेले.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “फोरमनची नाही, हिचीही नाही. फ्लँज पातळ आहे. हे टोक कापून जाड प्लेटचं नवीन लावावं लागेल. तोवर वर कुणी चढायचं नाही.”

“हिचीही नाही” हे खरं नव्हतं. तिने वाकणं तपासलं होतं, कातर, म्हणजे गर्डर उभा कापला जाईल का, तेही तपासलं होतं, झोल किती येईल ते तपासलं होतं. फ्लँजच्या ओळीपुढे त्यांच्या अक्षरात ‘ठीक’ लिहिलेलं पाहून ती पुढे सरकली होती. त्यांचं ‘ठीक’ पुन्हा मोजायचं असतं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. ऑफिसची माणसं, गिऱ्हाइकं तोच सांभाळायचा. हात धुऊन, पुसून तो म्हणाला, “एक चूक कुणाचीही होते. गर्डर बदलू आणि विषय संपवू. बाहेर बोलायचं नाही.”

“एक असेल कशावरून?”

“म्हणजे?”

“गेल्या आठवड्यात ते मला फोरमनचं नाव विचारत होते. तीस वर्षं ओळखतात त्याला. आणि त्याआधी जिन्याचा नकाशा दोनदा काढला, दोन्ही वेळा पहिल्यांदाच काढतोय असं समजून. तूही पाहिलंस, मीही पाहिलं. दोघेही गप्प बसलो.”

“वय झालंय त्यांचं. तू तपासायला हवं होतंस,” तो म्हणाला. “तुझं कामच ते आहे. आता त्यांच्या नावाला काळिमा लावत फिरणार का?”

तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग बोलायच्या आत दारातून आवाज आला. “ती बरोबर बोलतेय.”

सासरे दारात उभे होते, पायात चप्पल नव्हती. “जास्त ताकदीचं स्टील वापरलेली सगळी कामं काढा. मी केलेली सगळी. त्यातल्या एखाद्याखाली कुणी उभं असेल. नाव घेऊन काय चाटायचंय?”

“बाबा, तुम्ही बसा आधी—”

“मी बसतो. ती तपासेल. मी सही केलेल्या कशावरही विश्वास ठेवू नकोस, सूनबाई. कळलं?”

त्यांनी ते असं ठासून सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगत होते.

पुढचे काही आठवडे ती तेच करत राहिली. बहुतेक कामं ठीक होती. एका गोदामाच्या छपराच्या तुळईत पुन्हा तोच सोळा निघाला. तिथे वजन कमी होतं म्हणून काही झालं नव्हतं. फ्लँजवर दुसरी प्लेट वेल्ड करून जाडी वाढवली. सासरे तिच्या समोरच्या खुर्चीत बसून असायचे. ती एकेक आकडा मोठ्याने म्हणायची आणि ते मान डोलवायचे. कधीकधी ते इतकं नेमकं काही विचारायचे की तिला वाटायचं, सगळं परत येईल. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते की गेलेली आठवण परत येत नाही. असे चांगले दिवस मधून मधून येतात, एवढंच.

छापखान्याचं नवीन टोक बसलं. पुन्हा टाक्या भरल्या, या वेळी पूर्ण, आणि फ्लँजची कड शेवटपर्यंत सरळ राहिली. फोरमनने आनंदाने सासऱ्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सुनेच्या कानाशी लागून हळूच विचारलं, “हा कोण?”

त्यानंतर त्यांनी ऑफिसला जाणं स्वतःहून थांबवलं. सकाळी ती निघायच्या वेळी मात्र दारात यायचे. “विचार मला,” म्हणायचे.

“कसलं?”

“फ्लँजचं. जास्त ताकदीच्या स्टीलला किती पट?”

“सांगा.”

“दहाच्या जरा वर. ताकद वाढली की मर्यादा आकसते.” मग तोंडभर हसायचे. “जा आता. उशीर होतोय तुला.”

कधी उत्तर चटकन यायचं, कधी भिंतीकडे बघून, कधी तिने ‘आकसते’ एवढं म्हटल्यावर. चुकलं की ती सांगायची, कारण त्यांनीच तिला तसं घडवलं होतं. इमारतीच्या बाबतीत कुणाचं मन राखायचं नसतं. ते मान हलवायचे, दोनदा घोकायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर असायचे.

एका सकाळी त्यांना सदऱ्याची बटणं लावता आली नव्हती. एक बाजू वर, एक खाली. ती बटणं नीट लावत होती आणि ते अगदी शहाण्या मुलासारखे उभे होते.

“विचार मला,” ते म्हणाले.

“जास्त ताकदीच्या स्टीलला किती पट, बाबा?”

त्यांनी खूप आठवलं. ओठ हलले. डोळे तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिले. मग त्यांना सापडलं आणि सगळा चेहरा उजळला.

“सोळा!”

तिच्या हातात शेवटचं बटण होतं. ते तिने काजात सरकवलं.

“बरोबर,” ती म्हणाली.

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून हळूहळू उतरलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कुणी आपल्याशी पहिल्यांदाच खोटं बोलावं तसं. तिच्या डोक्यावर हात ठेवला, वळले आणि भिंतीला धरत धरत आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा दारात कुणी नव्हतं. ती चपला घालून थोडी थांबली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण पावलं आली नाहीत. त्यानंतर त्यांनी तिला कधीच ‘विचार मला’ म्हटलं नाही.