म्हैस भुर्र

दर्शना बाईंनी चिठ्ठी पाठवली आणि तिसरी ‘ब’च्या पालकांच्या ग्रुपवर मोहोळ उठलं. चिठ्ठीत होतं तरी काय? आठवडाभर नीट वागून वर्गाने मिळून मण्यांची बरणी भरली, की शुक्रवारचा शेवटचा तास बक्षिसाचा, खेळांचा. त्या तासाला कोणते खेळ आणि का, एवढंच. “सगळ्यांना बाकावर बसून खेळता येतील, चुकलेलं मूल बाजूला न बसता राज्य घेईल, आणि कुणीही लिंबूटिंबू नसेल, असेच खेळ निवडले आहेत. म्हणून संगीत खुर्ची बंद. चिमणी भुर्र आणि भेंड्या सुरू.”

बाईंना हे सुचवलं मेघालीने. पायाला कॅलिपर लावून चालणारी ही पोर संगीत खुर्चीत कधी आऊटच व्हायची नाही, कारण पोरांनी तिला लिंबूटिंबू केलेलं. आपल्याकडे रीतच आहे ती. दुबळ्याला खेळात घ्यायचं, पण धरायचं नाही. बाईंनाही त्यात पोरांची माया दिसायची. मग एका शुक्रवारी मेघाली बाकावरून उठलीच नाही. “मला खोटं खोटं नाही खेळायचं,” म्हणाली.

पण हर्षितचे बाबा सुदेश यांना ते कसं पटावं? संगीत खुर्चीत त्यांचा लेक पहिला यायचा ना! वागळे इस्टेटमधल्या कामावर अर्धी रजा टाकून गृहस्थ थेट डोंबिवलीच्या शाळेत हजर. जगात स्पर्धा आहे, एका मुलीपायी सगळ्या वर्गाने का बसून राहायचं, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या मॅडमनी बाईंना बोलावून चिठ्ठी मागे घ्यायला सांगितलं. उगाच वाद नको म्हणे. वाद नको असला की नेहमी दुबळ्यानेच गप्प बसायचं, हा कुठला न्याय?

“चिठ्ठी मागे घेणार नाही,” बाई म्हणाल्या. “हवं तर वर्ग काढून घ्या. पण आज शुक्रवार आहे, आधी येऊन बघा.”

मोठ्या मॅडम आणि सुदेश वर्गाच्या दारात उभे राहिले. पोरांनी बाकावर बोटं टेकवली. बाई म्हणाल्या, चिमणी भुर्र, आणि सगळी बोटं वर. कावळा भुर्र, पुन्हा वर. मग म्हैस भुर्र, आणि एकच बोट वर गेलं. मेघालीचं.

सवयीने हर्षित म्हणाला, “जाऊ दे बाई, ती लिंबूटिंबू आहे.”

“राज्य कोणावर?” बाईंनी विचारलं.

“माझ्यावर,” मेघाली म्हणाली, आणि कॅलिपर खटखटवत फळ्यापाशी आली. कुणी हात दिला नाही, तिने मागितलाही नाही. चेहरा मात्र लग्नघरासारखा उजळलेला. बाई तिच्या रिकाम्या जागी बसल्या आणि त्यांनीही बाकावर बोट टेकवलं.

पोपट भुर्र झालं, घार भुर्र झाली. मग तिने दाराकडे पाहिलं.

“मोठ्या मॅडम भुर्र.”

पोरांची बोटं बाकाला चिकटून राहिली. वर गेलं ते फक्त दर्शना बाईंचं.

“बाई, राज्य तुमच्यावर,” मेघाली म्हणाली. “तुम्हालाही सूट नाही.”