कोरडे हात

श्रीगोंद्याच्या पुढं, चारी बाजूंनी ऊस पाण्यात उभा असलेल्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. शाळेत हात धुवायला नळांची रांग आहे, निळ्या फरशीची, वर साबणाचं चित्र. उद्घाटन झालं त्या दिवशी पाणी होतं.

आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स, सारा सिस्टर, पोरांना हात धुण्यावर आणि दात घासण्यावर चार शब्द सांगायला आल्या होत्या. त्यांना पोरांनी आज खरोखर हात धुऊन जेवायला हवं होतं, बाकी काही नको होतं. मागच्या आठवड्यात तिसरीच्या वर्गात जुलाब पसरले. राजनंदिनी नावाच्या पोरीला सलाईन लावताना शीर सापडत नव्हती, इतकी ती सुकली होती.

हेडमास्तर आबासाहेबांची घाई वेगळी होती. जेवणाच्या सुट्टीआधी कार्यक्रमाचा फोटो वरती, तालुक्याला पाठवायचा होता. त्यात आधी सरपंच बोलले, मग शाळा समितीचे अध्यक्ष बोलले. स्वच्छतेवर दोघंही बोलले, आणि दोघांच्याही गालात तंबाखू होती.

सिस्टरनं दातांपासून सुरुवात केली. सकाळी कशानं दात घासता, विचारलं. सगळी शाळा एका सुरात ओरडली, "ब्रशनं." पाठच होतं ते. मग सिस्टर राजनंदिनीजवळ जाऊन बसल्या आणि हळू विचारलं, आज कशानं घासले?

"मिसरीनं. आज्जी देती."

आबासाहेबांनी डोळे वटारले. पोरगी त्यांच्याकडं बघत मागं सरकली. सिस्टरनं तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांना सरळ सांगितलं, मिसरी म्हणजे जाळलेली तंबाखू, ती आज्जीनं दिली तरी तोंडात घालायची नाही. ब्रशवर वाटाण्याएवढीच पेस्ट घ्यायची. हिरडीपाशी हळूहळू गोल फिरवायचं, दातांच्या आतून, दाढांच्या वरून, निदान दोन मिनिटं. सकाळी घासायचेच, पण रात्री झोपताना चुकवायचं नाही, कारण दातांत अडकलेलं रात्रभर कुजतं.

मग हातांची पाळी आली. आबासाहेबांनी शिट्टी मारली. पोरं रांगेत उभी राहिली आणि सुरू झाली: तळव्यावर तळवा, पंजाची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. एकही चुकलं नाही. हात मात्र कोरडे. साबण नाही, पाणी नाही, नुसती कवायत. आबासाहेब कौतुकानं म्हणाले, आमची शाळा केंद्रातल्या सगळ्या शाळांत पहिली आली ह्याच्यात.

सिस्टर नळाकडं गेल्या, तोटी फिरवली. आतून मुंगी बाहेर आली.

"साबण कुठंय?"

"कपाटात. बाहेर ठेवला की चोरीला जातो."

"चोरून काय करतील सर? अंगालाच लावतील ना?"

आबासाहेबांनी फोटोसाठी मोबाईल वर धरला. तिकडं शाळेत सैपाक करणाऱ्या झुंबरबाईंनी खिचडीचं पातेलं उतरवलं होतं. पोरं ताटं घेऊन धावली, मातीत खेळलेल्या त्याच हातांनी. सिस्टर मधी आडव्या आल्या. स्वयंपाकघरातला ड्रम बाहेर काढा म्हणाल्या. आबासाहेब म्हणाले, ते सैपाकाचं पानी हाय, संपलं तर उद्या काय करू? सिस्टर म्हणाल्या, मग मी फोटोत उभी राहत नाही. नर्सशिवाय फोटो वर घेत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

"काय अडवनूक लावलीय सिस्टर तुमी," झुंबरबाई पुटपुटल्या, पण ड्रमला हात त्यांनीच घातला. आबासाहेबांना कपाटातला साबण काढावाच लागला. झुंबरबाईंनी तांब्यानं पाण्याची धार धरली. पोरांनी हात ओले केले, साबण लावला, फेस होईपर्यंत चोळले, धारेखाली धुतले. हात कशालाच पुसायचे नाहीत, नुसते झटकून वाळवायचे, सिस्टर ओरडत होत्या. खाली पाणी चहासारखं वाहत गेलं. सरपंच बघतच राहिले. कुणाला लाज वाटली म्हणावं, तर तसंही नाही.

फोटो निघाला, गेला. आबासाहेबांनी साबण पुसून पुन्हा कपाटात ठेवला, कुलूप लावलं. उद्याचं काय, सिस्टरनं विचारलं. उद्याचं उद्या, ते म्हणाले.

सिस्टरचं डोकं फिरलं. त्या पोरांकडं वळल्या.

"ऐका रे. उद्यापासून साबणानं हात धुतल्याशिवाय ताटाला शिवायचं न्हाई. पाणी नसलं तर बसून राहायचं आणि सरांकडं मागायचं. घाबरायचं न्हाई."

पोरांना असल्या गोष्टी लगेच कळतात.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आबासाहेबांचा फोन आला. पोरं ताटं पुढ्यात घेऊन बसलीत, कुणी घास घेईना. ती राजनंदिनी तर सगळ्यांत पुढं. आवाज चढलेला होता. तुम्ही लेकरांना संप शिकवला, तालुक्याला तक्रार करतो म्हणाले.

"करा. नळाला पाणी आलं का?"

"कुठलं येतंय?"

"मग ड्रम काढा, सर. साबणपण."

पलीकडून बराच वेळ शिव्या पुटपुटल्याचा आवाज आला. मग किल्ल्यांचा.